थांबा कुठे पडला, ते ऐका

प्रकट वाचन घेताना आपण मुलांना "भाव ओतून वाच" असे सांगतो, ते मला उलट्या टोकाने सुरुवात केल्यासारखे वाटते. आवाजातला चढउतार ऐकून उचलता येतो; मोठ्यांची ढब हुबेहूब वठवणारे मूल वाक्याचा अर्थ न कळताही रंगवून वाचू शकते. अर्थ कळला की नाही याचा अधिक भरवशाचा पुरावा मूल कुठे थांबते आणि कोणते शब्द एका दमात जोडून घेते, यात असतो.

चौथीतल्या एका मुलाचे वाचन ऐकत होतो. वाक्य होते, "आईने रडत आलेल्या मुलाला जवळ घेतले." पुस्तकात ओळ नेमकी "आईने रडत" या शब्दांपाशी संपत होती. मुलगा तिथे थांबला, मग "आलेल्या मुलाला जवळ घेतले" असे सलग वाचून गेला. एकही शब्द चुकला नव्हता, वेगही चांगला होता, पण त्या एका थांब्याने रडणे मुलाकडून आईकडे गेले होते. मी मध्ये बोललो नाही. पुढचे वाक्य होते, "तिने त्याचे डोळे पुसले." ते वाचताच तो अडखळला, नजर वर नेली आणि आपणहून पुन्हा वाचले: "आईने... रडत आलेल्या मुलाला... जवळ घेतले." घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द होतात एवढेच मोजले असते, तर हे मागे जाणे वेळेचा तोटा म्हणून नोंदले गेले असते, मला मात्र ती त्या दिवसातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटली.

"स्वल्पविरामाला एक मोजा, पूर्णविरामाला दोन" हा नियम इथे कामाला येत नाही, कारण या वाक्यात स्वल्पविरामच नाही. मराठीत "रडत आलेल्या" यांसारखी विशेषणे नामाच्या आधी येतात आणि क्रियापद बहुधा शेवटी, त्यामुळे "रडत" उच्चारण्यापूर्वी वाचणाऱ्याची नजर निदान "मुलाला" या शब्दापर्यंत पोहोचलेली असावी लागते. सरावलेल्या वाचकाची नजर आवाजाच्या काही शब्द पुढेच चालते. जे मूल अजून अक्षरे जुळवण्यात गुंतलेले असते, त्याला ही आघाडी मिळत नाही. ते सुटे सुटे शब्द वाचते किंवा ओळ संपेल तिथे थांबते. अशा मुलाला "हावभाव कर" म्हणणे निरुपयोगी आहे. त्याऐवजी "कोण रडत होते?" एवढे विचारावे, आणि उत्तर आल्यावर पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून वाक्याचे तुकडे त्यालाच पाडू द्यावेत. रेघा आपण मारून दिल्या, तर ते आपलीच समज वाचून दाखवते.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. लाजरे मूल सपाट आवाजात वाचते, तरी त्याचे थांबे अचूक असू शकतात. अशा वेळी सपाटपणाचे गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय पारखायचे असेल तर उतारा पूर्वी कोणी वाचून न दाखवलेलाच हवा, कारण ऐकलेल्या धड्यातले थांबेही मुलांना चालीसकट पाठ होतात.