जामीन झाला तरी भाऊ सुटला नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

"वकीलसाहेब, प्रॉडक्शन वॉरंट म्हणजे नुसता हजर करण्याचा कागद, असं तुम्ही लिहिलंय. आमचा भाऊ येरवड्यात होता. पुण्याच्या केसमध्ये जामीन झाला, तरी 'नाशिकचं वॉरंट आहे' म्हणून सोडला नाही. तुम्हा लोकांना हे साधं वाटतं, आम्हाला मात्र ही पोलिसांना दिलेली मोकळीक वाटते."

ताई, तुमचा राग समजतो आणि तो गैर नाही. पण भावाला त्या दिवशी नेमक्या कुठल्या कागदावर अडवलं, हे तुमच्या प्रतिक्रियेतून कळत नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

जेलच्या भाषेत सांगतो. बंदी दुसऱ्या केसमध्ये हवा असेल, तर तपास अधिकारी त्या केसच्या कोर्टात अर्ज करतो. इथे म्हणजे नाशिकला सीबीएसजवळच्या आपल्या कोर्टात. कोर्ट येरवड्याच्या अधीक्षकांच्या नावे आदेश काढतं, की अमुक बंद्याला अमुक तारखेला हजर करा. हेच प्रॉडक्शन वॉरंट. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 267 खाली होत असे, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 302 खाली होतं. या कागदात 'आणा' एवढाच हुकूम असतो. 'कोठडीत ठेवा' हा हुकूम वेगळा. बंदी नाशिकच्या न्यायाधीशांसमोर उभा राहिला, पोलिसांनी परवानगी घेऊन त्याला या गुन्ह्यात अटक दाखवली आणि कोर्टाने पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी किंवा एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी दिली, म्हणजेच रिमांड झाला, की तो या केसमध्येही कोठडीत गेला. त्याआधी नाही.

उदाहरण घ्या. एक जण चोरीच्या गुन्ह्यात 3 मार्चला पुण्यात अटक होऊन येरवड्यात गेला. पंचवटीतल्या चोरीसाठी नाशिकच्या कोर्टाने 10 एप्रिलला प्रॉडक्शन वॉरंट काढलं. गार्ड मिळाला नाही म्हणून दोन तारखा गेल्या आणि 22 एप्रिलला त्याला नाशिकला आणून अटक दाखवली, त्याच दिवशी रिमांड झाला. अशा गुन्ह्यात आरोपपत्राची मुदत 60 दिवसांची, तेवढ्यात ते आलं नाही तर त्या कारणावर जामीन मागता येतो. ही मुदत 3 मार्चपासून नाही, वॉरंट निघालं त्या 10 एप्रिलपासूनही नाही, तर रिमांडच्या 22 एप्रिलपासून मोजायची. तो दिवस धरून साठावा दिवस येतो 20 जूनला. घरच्यांनी 10 एप्रिल धरून 8 जूनलाच मुदत संपली असं मानलं आणि जामिनाचा अर्ज टाकला, तर तो फेटाळला जाईल. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली दिनेश दालमिया प्रकरणात हेच सांगितलं. दालमिया चेन्नईच्या कोर्टात कोलकात्याच्या केससाठी शरण गेला होता, तरी मुदत कोलकात्याच्या कोर्टात प्रत्यक्ष हजर केलं तेव्हापासूनच धरली गेली.

आता तुमच्या भावाकडे येतो. वरच्या माणसाला पुण्यात 15 एप्रिलला जामीन मिळाला असता, तर? तेव्हा येरवड्याकडे नाशिकचा फक्त 'आणा' म्हणणारा कागद होता. त्यावर कोणाला कोंडून ठेवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 304 तर असंही सांगतं, की बंद्याची कोठडी नेऊन परत आणेपर्यंतच्या काळात संपणार असेल, तर अधीक्षकाने त्याला पाठवू नये, कारण कोर्टाला कळवावं. पोलीस जेलच्या गेटवर थांबून त्याला नाशिकच्या गुन्ह्यात अटक करू शकतात, पण मग ती रीतसर अटक झाली. कारणं सांगायला हवीत आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायाधीशांसमोर न्यायला हवं. हे काहीच न करता नुसत्या वॉरंटवर ठेवलं असेल, तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि मी तुमच्या बाजूने उभा आहे.

पण जामीन 22 एप्रिलनंतर झाला असेल, तर चित्र उलटं. जेलमध्ये आता नाशिकचं एमसीआर वॉरंट आहे. पुण्याचा सुटकेचा आदेश फक्त पुण्याच्या केसपुरता चालतो, नाशिकचा जामीन वेगळा मागावा लागतो. घरचे लोक इथेच फसतात. पुण्याच्या वकिलाला नाशिकचं ठाऊक नसतं आणि नाशिकला वकीलच दिलेला नसतो.

म्हणून आधी नाशिकच्या केसच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदींची, नक्कल काढा. भावाला कधी हजर केलं, अटकेची परवानगी कधी मिळाली आणि रिमांड कधी झाला, ते त्यात दिसेल. रिमांडची नोंदच नसेल, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. नोंद असेल, तर त्या तारखेपासून दिवस मोजा आणि आरोपपत्र कधी आलं ते पाहा.

आणखी एक. नाशिकला अटक दाखवायच्या आधीच कळलं असतं, तर अटकपूर्व जामीनही मागता आला असता. आरोपी एका केसमध्ये आत असला तरी दुसऱ्या केससाठी तो अर्ज चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये धनराज अस्वानी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत ती वेळ गेली आहे की नाही, तेही रोजनाम्यावरूनच कळेल.