टाकीची तारीख आधी, गणपतीची वर्गणी नंतर

काल आमच्या सोसायटीची नवीन वर्षाची मीटिंग झाली, मी सेक्रेटरी म्हणून वर्षभराच्या तारखा वाचून दाखवल्या तर मागून एक काका म्हणले, हे भाषण आहे का प्लंबरची यादी? असू द्या. लातूर आहे हे, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव, इथं कॅलेंडर टाकीपासूनच सुरू होणार.

जानेवारीत 26 ला झेंडावंदन, तिळगूळ त्याच दिवशी उरकू. पण त्याआधी 18 ला खालच्या हौदाची दुरुस्ती, आणि ही तारीख मी हलू देणार नाही. गेल्या उन्हाळ्यात टँकरवर टँकर मागवले आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना बोल लावत बसलो, लई पाणी वापरतात म्हणून. शेवटी एका रात्री अकराला मोटर बंद, नळाचा व्हॉल्व बंद, आणि हौदाच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेघेला खडूनं खूण केली. सकाळी सहाला बघितलं तर पाणी चार बोटं खाली! हौद दहा बाय आठ फुटांचा, चार बोटं म्हणजे साधारण तीन इंच, हिशोब केला तर एका रात्रीत साडेपाचशे लिटरच्या वर जमिनीत. पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथंच फट होती. भाडेकरू बिचारे उगीच शिव्या खात होते.

आता ही फट बुजवायला हौद रिकामा करून कोरडा ठेवावा लागतो, सिमेंट पक्कं व्हायला दिवस जातात. मे मध्ये हौद रिकामा ठेवणं कुणाला परवडतंय? म्हणून जानेवारी. झाकण उघडलं की लगेच माणूस आत उतरवायचा नाही, काही तास हवा खेळू द्यायची आणि वर एक जण उभा पाहिजेच. भरल्यावर परत खडूची खूण, मगच मिस्त्रीचे पैसे.

मार्चअखेर हिशोब बंद, थकबाकीदारांनी समजून घ्यावं. एप्रिलमध्ये जयंतीला सगळे असतातच. गच्चीचं वॉटरप्रूफिंग 10 मे च्या आत, कारण मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर काढलं आणि पहिल्याच सरीत अर्धा माल वाहून गेला, कोरड्या स्लॅबशिवाय तो धरतच नाही. जूनच्या आधी गच्चीच्या जाळ्या साफ, पहिल्या दोन पावसाचं पाणी बोअरकडं सोडायचं नाही, धूळ आन् कबुतरांची घाण असते त्यात.

सप्टेंबरमध्ये गणपती, 17 ला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, आणि 30 च्या आत वार्षिक सभा, ते तर कायद्यानंच आहे. दिवाळीआधी टाक्या परत धुवायच्या.

आणि वेळ अमावस्येला मीटिंग ठेवू नका हो. गेल्या वेळी ठेवली होती, मी आणि वॉचमन दोघंच, बाकी सगळी सोसायटी शेतात भज्जी-आंबील खायलीय. यंदा मी पण नसतो.