डोमेन ट्रान्सफरच्या तक्रारीला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन स्टार): "कोड देऊनही आठवडा गेला. त्याआधी जुन्या कंपनीकडे रिन्यू करायला लावलं, म्हणजे एका वर्षाचे पैसे दोनदा भरले. आणि ट्रान्सफर झाल्यावर दीड दिवस कंपनीचे मेल बंद. गिऱ्हाईकांनी फोन करून सांगितलं तेव्हा कळलं."

साहेब, मेल बंद पडले ती चूक आमची. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ते कसं झालं हे खाली सविस्तर लिहिलं आहे. आधी पैशांचं सांगतो.

जुन्या कंपनीकडचं डोमेन आमच्याकडे हलवायला तुम्ही ४ मार्चला आलात आणि डोमेनची मुदत १८ मार्चला संपत होती. हातात चौदा दिवस होते. ट्रान्सफरसाठी लागणारा कोड मागितल्यावर तो द्यायला जुन्या कंपनीला पाच दिवसांपर्यंत मुभा असते, त्यांनी चौथ्या दिवशी, ८ तारखेला दिला. तो टाकला तर ट्रान्सफर लगेच नाकारलं गेलं, कारण कोड आला तरी डोमेनचं लॉक उघडलेलं नव्हतं. डोमेनची नोंद दाखवणाऱ्या lookup.icann.org या साइटवर तुमच्या डोमेनपुढे अजून clientTransferProhibited, म्हणजे ट्रान्सफरला बंदी, असं दिसत होतं. कोड आणि लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनलमध्ये लॉक काढून ९ तारखेला पुन्हा अर्ज केला. त्यानंतर जुनी कंपनी हो किंवा नाही काहीच बोलली नाही, तर पाच दिवसांनी डोमेन आपोआप सुटतं. ते १४ ला सुटलं. मूळ मुदतीला चारच दिवस उरले होते, आणि अर्ज आणखी एकदा परत आला असता तर तेवढेही उरले नसते. अशी वेळ येऊ शकते म्हणूनच ५ तारखेला रिन्यू करून घ्यायला सांगितलं.

तो पैसा वाया गेलेला नाही. .com चं ट्रान्सफर झालं की मुदतीत एक वर्ष वाढतं. रिन्यू केल्यावर तुमची मुदत मार्च २०२७ झाली, ट्रान्सफरनंतर १८ मार्च २०२८. त्याच साइटवर आज तपासून बघा. दोन वर्षांचे पैसे गेले आणि दोन वर्षं मिळाली. हेच रिन्यूअल मुदत उलटल्यावर केलं असतं आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत डोमेन हलवलं असतं, तर मात्र ते वर्ष रद्द होतं, आणि भरलेले पैसे परत मिळवायला जुन्या कंपनीच्या मागे लागावं लागतं. हे मी तुम्हाला त्याच दिवशी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. फोनवर घाईत सांगितलं, ते पोहोचलं नाही.

ते पाच दिवस वाचू शकले असते का? हो. मंजुरीची लिंक मेलवर येते, ती दाबली की काम बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं. पण नोंदणीत मेल होता तुमच्या जुन्या डिझायनरचा, आणि तो मेल कोणी उघडत नव्हतं. "मग मेल बदलून टाकू" असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी थांबवलं. मालकाचं नाव किंवा मेल बदलला की साधारणपणे साठ दिवस ट्रान्सफर अडतं, आणि आपल्याकडे चौदाच होते. आता मात्र तो मेल तुमच्या स्वतःच्या नावाचा करून घ्या.

आता मेलचं. डोमेनची साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत हे नेमसर्व्हर सांगतात, आणि ट्रान्सफर झालं तरी ते जुनेच राहतात. तुमचे नेमसर्व्हर जुन्या कंपनीचे फुकटातले होते. डोमेन गेल्यावर त्यांनी ते बंद केले. शनिवारी संध्याकाळी साइट उघडेना म्हणून आमच्या मुलाने नेमसर्व्हर आमच्याकडे वळवले आणि साइटची नोंद टाकली. साइट दिसली, तो निश्चिंत झाला. मेल कुठे पोहोचवायचा हे सांगणारी MX नोंद टाकायची राहिली. MX नसेल तर मेल साइटच्या सर्व्हरकडे जातो, आणि आमचा सर्व्हर तो घेत नाही. त्यामुळे त्या काळातले बरेच मेल पाठवणाऱ्यांकडे परत गेले. ते आम्हाला आणता येणार नाहीत, ज्यांचे अपेक्षित होते त्यांना पुन्हा पाठवायला सांगा.

खरं तर अर्ज करण्याआधीच सगळ्या नोंदी आमच्याकडे उतरवून नेमसर्व्हर बदलायला हवे होते, आणि नंतर दोन दिवस जुनं-नवं दोन्ही चालू ठेवायला हवं होतं. आता प्रत्येक ट्रान्सफरच्या आधी आणि नंतर आम्ही हे चालवतो, आणि दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय काम बंद करत नाही:

```
dig MX example.com +short
```

ट्रान्सफरची आमची फी तुमच्या खात्यावर परत केली आहे. मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे दाखवणाऱ्या SPF आणि DKIM च्या नोंदीही एकदा समोर बसून तपासायच्या आहेत, त्या चुकल्या तर मेल स्पॅममध्ये जातात. सोमवारी सकाळी दुकानात येऊ शकाल का?