इब्न अल-हैथमचे वेड आणि तीन चरित्रकोश

“नाईलवर धरण बांधणे जमत नाही म्हणून इब्न अल-हैथमने खलिफाच्या भीतीने वेडाचे सोंग घेतले, १० वर्षे नजरकैदेत काढली आणि तिथल्या अंधाऱ्या खोलीतच प्रकाशविद्येवरचा आपला ग्रंथ लिहिला. अरबी चरित्रकोशांत हे स्पष्ट लिहिले आहे.”

अकराव्या शतकातला गणितज्ञ आणि प्रकाशविद्येचा अभ्यासक इब्न अल-हैथम याच्याविषयी हा दावा सर्वत्र फिरतो. सुरुवात त्याच्या शेवटच्या वाक्यापासून करू, कारण बाकी सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ‘चरित्रकोशांत’ म्हणजे नेमक्या कोणत्या कोशात? इब्न अल-हैथमचा मृत्यू १०४० च्या सुमारास कैरोत झाला. त्याच्याविषयी सविस्तर लिहिणारे तीन कोशकार आहेत: खुरासानातला जहीरुद्दीन अल-बैहकी (मृत्यू ११६९), वरच्या इजिप्तमध्ये जन्मून पुढे अलेप्पोत वजीर झालेला इब्न अल-किफ्ती (मृत्यू १२४८) आणि दमास्कसचा वैद्य इब्न अबी उसैबिया (मृत्यू १२७०). म्हणजे सर्वांत जवळचा कोशकारही सुमारे सव्वाशे वर्षे दूर आहे, आणि तिघांनी सांगितलेल्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत.

तिघांत जुना असलेल्या बैहकीच्या कथेत वेड नाही आणि कैदही नाही. त्याच्या म्हणण्यानुसार इब्न अल-हैथम नाईलविषयीची आपली योजना लिहून कैरोला आला आणि एका सराईत उतरला. खलिफा अल-हाकिम गाढवावर बसून सराईच्या दाराशी आला, तेव्हा ठेंगणा इब्न अल-हैथम तिथल्या ओट्यावर उभा राहिला. खलिफाने लिखाण वाचले, फायद्यापेक्षा खर्च जास्त आहे असे म्हणून योजना फेटाळली आणि तो ओटा पाडून टाकण्याचा हुकूम दिला. घाबरलेला इब्न अल-हैथम रातोरात सीरियाकडे निघून गेला.

सर्वत्र फिरणारी कथा मुळात इब्न अल-किफ्तीची आहे. तीत अल-हाकिम त्याला स्वतःच पैसे पाठवून बोलावतो आणि कैरोच्या वेशीवर त्याचे स्वागत करतो. मग इब्न अल-हैथम कारागिरांसह अस्वानजवळच्या प्रपातांपर्यंत जातो. वाटेत प्राचीन इजिप्शियनांची बांधकामे पाहून त्याला कळते की हे काम शक्य असते, तर त्या लोकांनी ते आधीच केले असते. तो ओशाळून परततो, खलिफा त्याला एका सरकारी खात्यात नेमतो आणि लहरी मालकाच्या धाकाने तो वेडाचे सोंग घेतो. मूळ मजकुरात ‘धरण’ हा शब्द नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे. पाणी चढो वा उतरो, उपयोगी पडेल असे काहीतरी नाईलवर करता येईल, एवढेच मोघम विधान तिथे आहे.

इब्न अबी उसैबियाने किफ्तीची ही कथा उद्धृत केली आहेच, पण त्यासोबत अलमुद्दीन कैसर या स्थापत्यतज्ज्ञाकडून ऐकलेली दुसरी हकीकतही दिली आहे. तिच्यात वेडाचे सोंग आहे, मात्र ते कैरोत नव्हे, तर बसऱ्यात. तिथे राज्यकारभारातले पद त्याच्या गळ्यात पडले होते. ज्ञानसाधनेला वेळ मिळावा म्हणून त्याने वेडाचा आव आणला, पदातून सुटका करून घेतली आणि मग तो इजिप्तला गेला. एकच प्रसंग दोन शहरांत, दोन वेगळ्या कारणांनी घडलेला सांगितला जातो, तेव्हा ती कथा विद्वानाला शोधत फिरत असावी, असा माझा संशय बळावतो.

आता ग्रंथ नजरकैदेत लिहिल्याबद्दल. किफ्तीच्या कथेत त्याची मालमत्ता ताब्यात घेतली जाते, देखभालीला माणसे नेमली जातात आणि त्याला घरातच बांधून ठेवले जाते. अल-हाकिम १०२१ मध्ये गेल्यावर तो शहाणा असल्याचे उघड करतो, अल-अझहर मशिदीच्या दाराजवळच्या एका घुमटीत राहू लागतो, आणि ‘त्यानंतर’ ग्रंथलेखन, नकला करणे व शिकवणे यांत गुंततो. म्हणजे ज्या कोशाचा हवाला दिला जातो, त्याच कोशात लेखन सुटकेनंतर येते. तो इजिप्तला कधी आला, याचे साल तिथे दिलेले नाही, त्यामुळे ‘१० वर्षे’ हा हिशेब कोशातून निघूच शकत नाही. अंधारी खोली बहुधा त्याच्या प्रयोगांतून चरित्रात शिरली असावी, कारण अंधाऱ्या दालनात छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे निरीक्षण ‘किताब अल-मनाझिर’ या त्याच्या प्रकाशविद्येवरच्या ग्रंथात आहे.

ग्रंथाचा काळ ठरवण्यासाठी कथेपेक्षा याद्या उपयोगी पडतात. इब्न अबी उसैबियाने ग्रंथांच्या तीन याद्या उतरवून घेतल्या आहेत: पहिली हिजरी ४१७ पर्यंतची, दुसरी ४१९ पर्यंतची आणि तिसरी ४२९ च्या अखेरपर्यंतची. ‘किताब अल-मनाझिर’ तिसऱ्या यादीत आहे. त्यावरून विज्ञानेतिहासकार अब्दुलहमीद साब्रा यांनी तो १०२८ ते १०३८ या दरम्यानचा मानला, म्हणजे अल-हाकिमच्या मृत्यूनंतर किमान ७ वर्षांनी लिहिलेला.

या युक्तिवादाला एक मर्यादा आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. पहिली यादी एका आत्मचरित्रपर टिपणात येते आणि तिथे लेखकाचे नाव मुहम्मद इब्न अल-हसन आहे, तर गणितज्ञाचे नाव अल-हसन इब्न अल-हसन. दुसरे विज्ञानेतिहासकार रश्दी राशेद यांच्या मते ही दोन वेगळी माणसे असून कोशकाराने त्यांची गल्लत केली. साब्रांना हे मान्य नव्हते. राशेद बरोबर असतील, तर पहिल्या दोन याद्यांत ग्रंथ नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. इतकेच नव्हे, तर पाठ्यपुस्तकांतले ९६५ हे जन्मसालही डळमळते, कारण ते याच टिपणातून काढले आहे: हिजरी ४१७ च्या अखेरीस लेखक स्वतःला ६३ वर्षांचा म्हणवतो, म्हणून जन्म ३५४, म्हणजे इसवी ९६५. ही वजाबाकी हिजरी सनातच करावी लागते. १०२७ मधून ६३ वजा केले तर ९६४ येते, कारण चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते.

“मग कोशातले सगळेच खोटे का?” असा उलटा निष्कर्षही काही जण काढतात. तो तितकाच चुकीचा आहे. कोशकार ‘मी पाहिले’ म्हणतो, ‘अमक्याने मला सांगितले’ म्हणतो, की नुसतीच कथा सांगतो, यावर नोंदीचे वजन ठरते. किफ्तीच्या कोशाचा आज उपलब्ध असलेला मजकूर अल-झौझनीने केलेला संक्षेप आहे, आणि त्यात नाईलच्या कथेला सांगणाऱ्याचे नाव नाही. याउलट, इब्न अल-हैथम दरवर्षी युक्लिड, टॉलेमीचा खगोलशास्त्रावरचा अल्माजेस्ट आणि या दोहोंच्या मध्ये शिकवले जाणारे ‘मधले ग्रंथ’ यांच्या नकला करून १५० इजिप्शियन दिनार मिळवी, ही माहिती अलेप्पोतल्या यूसुफ अल-फासी या ज्यू वैद्याने आपल्याला दिली, असे किफ्ती नाव घेऊन सांगतो. यूसुफनेही ती ऐकलेलीच होती, त्यामुळे रकमेवर पैज लावू नये. पण नकला करण्याच्या गोष्टीला कोशाबाहेरचा पुरावा आहे: अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवरील ग्रंथाची त्याच्या स्वतःच्या हातची, हिजरी ४१५ मधली प्रत इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहात आहे.

मृत्यूच्या सालाबाबतही हीच चाळणी लावता येते. किफ्ती ‘४३० च्या सुमारास किंवा थोडे नंतर’ असे लिहितो, आणि त्याच नोंदीत ४३२ चे त्याच्या हस्ताक्षरातले भूमितीवरचे लिखाण आपण पाहिल्याचे सांगतो. १०७० मध्ये वारलेला साईद अल-अंदलुसी हा मात्र जवळजवळ समकालीन. त्याला एका काझीने स्वतः सांगितले होते की, ४३० मध्ये आपण इब्न अल-हैथमला इजिप्तमध्ये भेटलो. या नोंदी एकत्र ठेवल्या की तो ४३० मध्ये हयात होता एवढे पक्के होते, आणि किफ्तीने हस्ताक्षर बरोबर ओळखले असेल तर ४३२ मध्येही, म्हणजे इसवी १०४०-४१ मध्ये.