एकच उत्तर, सगळ्यांना पुरून उरणारं

हापूसचा हंगाम सुरू झाला, की ऑनलाइन पेट्या विकणाऱ्याच्या इनबॉक्सला मोहोर येतो. त्यातले बहुतेक मेल दरवर्षी तेच असतात. आंबे हिरवे आले. पेटी कुठे अडकली? कापल्यावर आत पांढरं निघालं. हा देवगडचाच कशावरून? प्रत्येकाला वेगळं उत्तर टंकत बसण्यापेक्षा साचे, म्हणजे टेम्प्लेट, करून ठेवा असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. जरूर करा. फक्त आम्ही सांगतो तसे करा.

पहिली गोष्ट म्हणजे जुने मेल वाचू नका. आमच्या शेजारच्या बागायतदाराने मे महिना संपल्यावर हंगामभराचे मेल उघडले आणि कुठला प्रश्न किती वेळा आला त्याच्या वहीत रेघा ओढल्या. सहा-सात प्रश्नांतच बहुतेक रेघा जमल्या, म्हणून त्याने तेवढेच साचे केले. बिचाऱ्याला दृष्टीच नाही. जीमेल पन्नास साचे ठेवू देतं, तर आपण पन्नास भरावेत. ‘उत्तर’, ‘उत्तर नवीन’, ‘उत्तर नवीन फायनल’, ‘आंबा २’ अशी भारदस्त नावं द्यावीत, म्हणजे घाईच्या वेळी कुठला साचा हाताला लागतो याची उत्सुकता टिकते. तो मात्र नावातच प्रश्न लिहितो: ‘हिरवे आले’, ‘पेटी उशिरा’, ‘साका’. हंगामात पॅकिंगला येणारा भाचासुद्धा त्यातून उत्तरं पाठवतो. दुकानाचं रहस्य म्हणून काही उरलं की नाही!

यंत्राची बाजू सोपी आहे. Settings मध्ये See all settings, तिथे Advanced, Templates समोर Enable आणि खाली जाऊन Save Changes. मग मेल लिहून त्याच्या खालच्या तीन ठिपक्यांतून Templates, Save draft as template. जतन करताना मेलच्या तळाची सही तशीच राहू द्या. साचा घातला की ती एकदा येते आणि जीमेल आपली आपण आणखी एकदा जोडतं. एकाच पत्राखाली दोनदा ‘आपला नम्र’ वाचून गिऱ्हाइकाला तुमच्या नम्रतेची खात्रीच पटते.

आता मजकूर. सुरुवात आभारांनी करा. ‘आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल’ हा परिच्छेद चार ओळींचा हवा. मग परंपरा, मग लाल माती, मग आजोबांनी लावलेलं पहिलं कलम. गिऱ्हाइकाने काय विचारलं होतं ते शेवटच्या ओळीत आलं तरी चालेल, न आलं तर उत्तमच.

एक प्रसंग पाहा. पुण्याच्या एका बाईंनी मंगळवारी लिहिलं, ‘पाच डझनी पेटी आज मिळाली. सगळे आंबे हिरवे आणि टणक आहेत. शनिवारी पाहुणे येणार आहेत. तोवर पिकतील का?’ तुमचा साचा त्यांना आजोबांचं कलम दाखवतो आणि ‘आमचे आंबे नैसर्गिकरीत्या पिकवलेले असतात’ असं ठणकावतो. बाईंच्या समोर दगडासारखे हिरवे आंबे. त्या पुन्हा लिहितात. तुम्ही पुन्हा तोच साचा पाठवता. बुधवारी त्या ती पेटी फ्रीजमध्ये ठेवतात, कारण ‘तसं करू नका’ असं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. कच्चा हापूस थंडीने काळवंडतो, नीट पिकत नाही, बेचव होतो. शनिवारी तुम्हाला फोटोसकट तिसरा मेल येतो. टेम्प्लेटने वेळ वाचतो तो असा.

शेजाऱ्याचा साचा अगदीच कोरडा आहे:

‘नमस्कार ###नाव###, आंबे खराब नाहीत. ते झाडावरून उतरवून हिरवेच पाठवतो. तुमच्या पेटीची तोड ###तारीख### ची आहे, म्हणून पहिले आंबे साधारण ###तारीख### पासून तयार होतील. फ्रीजमध्ये ठेवू नका. हवेशीर जागी पेंढ्यात एका थरात पसरा, रोज एकदा चाळा. वास सुटला आणि देठाजवळ बोटाला किंचित मऊ लागलं की तो आंबा खायला घ्या. ###इथे यांच्या प्रश्नाचं उत्तर###’

पहिल्याच वाक्यात उत्तर देऊन टाकलं, आता पुढे वाचणार कोण? आणि त्या शेवटच्या रिकाम्या जागेत तो दर वेळी हाताने दोन ओळी लिहितो. त्या बाईंची तोड आदल्या शुक्रवारची होती. त्याने लिहिलं असतं, ‘शनिवारपर्यंत सगळे होणार नाहीत. ज्यांवर पिवळी झाक दिसते ते आजच निवडून एका पिकत्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा, पाहुण्यांपुरते होतील असा अंदाज आहे.’ म्हणजे साचा करूनही माणसाने स्वतः विचार करायचाच? मग साच्याचा उपयोग काय?

ते तीन-तीन ### त्याने मुद्दाम घातलेत. पाठवण्याआधी डोळ्यांत खुपावेत म्हणून. एखादा राहिलाच तर भाचासुद्धा ओळखतो. तुम्ही असलं काही करू नका. मागच्या गिऱ्हाइकाचं नाव तसंच राहू द्या. कोथरूडच्या जोशींना ‘नमस्कार शेखसाहेब’ म्हणून पत्र गेलं, तर आपलं गिऱ्हाईक किती दूरवर पसरलंय हे त्यांनाही कळतं.

साक्याच्या तक्रारीकडे विशेष लक्ष द्या. साका बाहेरून दिसत नाही. साल सुंदर, वास सुंदर, कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर. विकणाऱ्यालाही तो आधी कळत नाही, हे खरंच आहे. म्हणून साच्यात एवढंच लिहा, ‘हा निसर्गाचा भाग आहे.’ शेजारी कापलेल्या आंब्यांचा फोटो आणि नग विचारतो, पुढच्या पेटीत तेवढे जास्त घालतो किंवा पैसे परत करतो आणि ते किती दिवसांत हेही लिहून टाकतो. एकदा असं लेखी दिलं की पाळावं लागतं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

‘हा देवगडचाच कशावरून?’ याला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं चित्र चिकटवा. ते हापूसचं मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना आहे आणि विचारणाऱ्याला तुमच्या बागेचं गाव हवं होतं, ही बारीकसारीक बाब झाली.

राहता राहिला दर. तो थेट साच्यातच लिहा, प्रत्येक साच्यात. हापूसचा भाव मार्चमध्ये एक, मे महिन्यात दुसरा, हे सर्वांना ठाऊक आहे. शेजारी दर एकाच पानावर ठेवतो आणि साच्यात फक्त त्या पानाची लिंक देतो, म्हणून त्याला बदल एकाच जागी करावा लागतो. तुमच्याकडे अकरा साच्यांत अकरा भाव असतील, तर गिऱ्हाइकाला त्यातला सर्वांत स्वस्त निवडण्याचं स्वातंत्र्य मिळतं, आणि तो नेमका तोच मेल पुरावा म्हणून परत पाठवतो.

पाऊस लागला की शेजारी सगळे साचे एकदा वाचून काढतो आणि वरच ‘तपासला, जून’ असं टिपून ठेवतो. तुम्ही मुळीच हात लावू नका. ऑक्टोबरात कुणी आमरसाच्या डब्यांचा भाव विचारला, तर त्यांना अक्षय्य तृतीयेच्या हार्दिक शुभेच्छा जाऊ द्या, आणि पेटी दोन दिवसांत निघेल असं आश्वासनही.