पाऊस, माझा लाडका कलाकार

गेल्या डिसेंबरात गाण्यांच्या ॲपने माझ्या वर्षभराच्या ऐकण्याचा हिशेब मांडला. माझा सर्वांत लाडका कलाकार निघाला पाऊस. म्हणजे नुसता पावसाचा आवाज. बायकोला त्याशिवाय झोप लागत नाही, आणि तो रात्रभर माझ्या खात्यावर पडत असतो. त्याखालोखाल आईचे अभंग, मग लेकीचा कुणीतरी रॅपर. मी ऐकतो ते नाट्यसंगीत पहिल्या पाचांत नव्हतं. पैसे तेवढे मी भरत होतो.

शिवाय एका खात्यावर एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजतं. आई सकाळी पर्वती चढायला निघाली, की बसमध्ये माझं पद ऐन तानेत गप्प व्हायचं. तेव्हा ठरवलं, आता फॅमिली प्लॅन घ्यायचा. मी आणि आणखी पाच जण.

प्लॅन घेतला की आवडीनिवडी आपोआप वेगळ्या होतात, हा माझा पहिला गैरसमज. प्लॅनने बिल तेवढं एक होतं. ऐकलेलं चिकटतं ते फोनवर ज्याचं खातं उघडं असेल त्याला. आणि आमच्याकडे सगळ्यांच्या फोनवर मीच उघडा होतो.

आईला आमंत्रणाची लिंक पाठवली. तिने दाबली. उत्तर आलं, तुम्ही आधीच या प्लॅनमध्ये आहात. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, ॲप आईशी नाही, माझ्याशीच बोलतंय. आधी माझ्या खात्यातून बाहेर पडायचं, आईच्या नावाने नवं खातं काढायचं आणि मगच लिंक उघडायची. बाहेर पडलो, आणि फोनवर उतरवून ठेवलेले सगळे अभंग गेले.

"दोनशे होते," आई म्हणाली. "आता पर्वतीवर काय ऐकू, तुझी बडबड?"

यादी माझ्या खात्यात शाबूत होती, फक्त फोनवरच्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. यादीची लिंक तिला पाठवली, तिच्या खात्यात नवी यादी करून सगळी गाणी तीत टाकली आणि वायफायवर पुन्हा उतरवली. तोवर चहा दोनदा गार झाला.

मग बाबा. सगळे एकाच पत्त्यावर राहत असले पाहिजेत, असा प्लॅनचा नियम, म्हणून प्रत्येकाने आपला पत्ता भरायचा. मी नकाशातून इमारतीचं नाव निवडलं होतं. बाबांनी लिहिलं, 'जुन्या वाड्याच्या जागी झालेली इमारत, दुसरा मजला, पत्र्या मारुतीजवळ, नारायण पेठ.' ॲपने पत्ता जुळत नाही म्हणून त्यांना बाहेर ठेवलं.

"पोस्टमनला कळतो की!"

शेवटी माझा पत्ता मी अक्षर न अक्षर व्हॉट्सॲपवर पाठवला आणि त्यांनी तो तसाच चिकटवला. आपल्याच घराचा पत्ता मुलाकडून उतरवून घ्यावा लागला, हे ते अजून विसरलेले नाहीत. सहावी जागा रिकामी आहे हे कळताच वाकडहून मेहुण्याचा फोन आला. त्यालाही मी पत्त्याचाच नियम ऐकवला. मनाला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी माझ्या पानावर पुन्हा अभंग. आईच्या फोनवर तर आईच होती. शोधता शोधता स्वयंपाकघरात पोहोचलो. तिथला बोलका स्पीकर माझ्याच खात्याला जोडलेला! त्याला घरातल्यांचे आवाज शिकवता येतात, म्हणून प्रत्येकाला समोर उभं करून वाक्यं म्हणायला लावली. पण मागे मिक्सर चालू असला की आईचा आवाज त्याला ओळखू येईना, आणि आवाज ओळखू आला नाही की तो मुख्य खात्यावर गाणं लावतो. मुख्य खातं माझं. मग स्पीकरच आईच्या खात्याला जोडून टाकला. तसाही तो तिच्याच राज्यात आहे.

पाऊस मात्र सहज जाईना. बायको आता तिच्या खात्यावर पाऊस पाडते, पण वर्षभर साचलेलं पाणी माझ्याकडेच राहिलं. ती यादी आवडीच्या हिशेबातून वगळायची सोय ॲपमध्ये सापडली. वगळली. तरी दोन आठवडे समुद्राची गाज आणि धबधबे सुचत राहिले. हळूहळू एक नाट्यपद आलं. मग दुसरं.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच बाबांच्या पानावर रॅप दिसू लागलं. चाचणी परीक्षा म्हणून लेकीचा फोन कपाटात होता, आणि ती आजोबांच्या फोनवर अभ्यास करत होती. मी ते सगळं वगळायला बाबांचा फोन हातात घेतला, तर त्यांनी तो काढून घेतला.

"राहू दे तो पोरगा. शब्द गिळतो, पण लयीला पक्का आहे."