नोटिशीने मुदत वाढत नाही

«उसने पैसे परत मिळवायला तीन वर्षांची मुदत असते, पण ती तुम्ही पैसे मागितल्यापासून मोजतात. वकिलाची नोटीस पाठवली की पुन्हा नवीन तीन वर्षं मिळतात. तरीही उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज द्या, कोर्ट माफ करतं. पुढे पाठवा.»

तीन वर्षं हा आकडा खरा आहे. बाकीच्यावर विसंबून राहिलं तर पैसे जातील.

एक उदाहरण घेऊ. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने पेरणीच्या तोंडावर, 12 जून 2022 ला, चुलतभावाला बियाण्या-खतासाठी दोन लाख रुपये बँकेतून दिले. परतीची तारीख ठरली नाही, «मागशील तेव्हा देतो» एवढंच बोलणं झालं. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा उसनवारीत घड्याळ पैसे दिल्याच्या दिवसापासून चालू होतं, मग मागणी पहिल्या महिन्यात करा नाहीतर दुसऱ्या वर्षी. पैसे दिल्याचा दिवस सोडून मोजलं तर दावा लावायचा शेवटचा दिवस येतो 12 जून 2025. «सोयाबीन विकल्यावर, दिवाळीला देतो» असं ठरलं असतं आणि ते सिद्ध करता आलं असतं, तर मोजणी त्या दिवाळीपासून झाली असती. मागणीपासून मुदत मोजतात ती ठेवीत, म्हणजे मागाल तेव्हा परत द्यायच्या कराराने कुणाकडे पैसे ठेवले असतील तर. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा ठेवीचा नियम उसनवारीला लावला.

आता नोटीस. आमच्याकडे नोटीस गेली की माणूस निर्धास्त होतो, आणि समोरचा गप्प बसून दिवस काढतो. या शेतकऱ्याने 2024 च्या मे महिन्यात एक आणि 2025 च्या एप्रिलमध्ये दुसरी नोटीस पाठवली असं धरा. पोचपावत्या फाईलला लागल्या, पण शेवटचा दिवस 12 जून 2025 च राहिला. एकदा सुरू झालेली मुदत आपल्या मागणीने थांबत नाही. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस कायद्यानेच द्यावी लागते, म्हणून तो काळ मोजणीतून वगळतात. चुलतभावाला नोटीस देणं बंधनकारक नाही, त्यामुळे ती सवलतही नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि वर्ष तिथेच गेलं, तर तेही मोजणीतून वगळत नाहीत. मात्र प्रामाणिक चुकीने, अधिकार नसलेल्या दिवाणी कोर्टात दावा लावून तो नेटाने चालवला असेल, तर तिथे गेलेले दिवस वगळून मिळतात.

मुदत नव्याने सुरू होते ती देणेकऱ्याच्या लिखाणाने. नोटिशीचा खरा उपयोग इथेच आहे: तिला उत्तर काय येतं ते बघा. «पैसे देणं आहे, पण यंदा पीक गेलं, आत्ता देणार नाही» असं सहीनिशी आलं, तर त्यात नकार असूनही ती देण्याची कबुली ठरते आणि सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. वहीतली एक ओळही चालते. चुलतभावाने 20 नोव्हेंबर 2023 ला «तुझे दोन लाख देणं आहे» असं लिहून खाली सही केली असती, तर मुदत 20 नोव्हेंबर 2026 पर्यंत गेली असती. थोडी रक्कम परत आली तरी नवीन मुदत मिळते, पण त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची हवी. मोबाईलवरून दहा हजार आले एवढ्यावर विसंबू नका. त्याच दिवशी «दोन लाखांपैकी दहा हजार दिले» असं लिहून घ्या. हे सगळं मूळ मुदत संपायच्या आत व्हायला हवं. 12 जून 2025 नंतरच्या कबुलीने मेलेली मुदत उठत नाही.

विलंब माफीचं तर सरळ उत्तर आहे. ती सवलत अपील आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. दुखणं, लग्न, दुष्काळ, कितीही खरं कारण सांगा, मुदतीनंतरचा दावा फेटाळावाच लागतो. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीश स्वतः तो बघतात. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्याच दिवशी दावा दाखल करता येतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही.

एवढं होऊनही मुदत गेलीच, तर एक दार उरतं. करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी आणि सहीचं वचन नवा करार ठरतं, आणि दावा त्या वचनावर लावता येतो. पण तिथे «देणं होतं» एवढी कबुली पुरत नाही, «देईन» असं लिहिलेलं लागतं. मोंढ्यात चार माणसांसमोर तोंडी दिलेल्या शब्दावर ते काम भागत नाही.